अरबी जन्मदाखला इंग्रजीतून दूतावासात देताना भाषांतरकाराच्या प्रमाणपत्रात काय असावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखाती देशांत जन्मलेल्या मुलांचे दाखले पुष्कळदा फक्त अरबीत असतात. रत्नागिरी, रायगड आणि मुंबईतील अनेक कुटुंबांच्या कपाटांत असे दाखले वीस-पंचवीस वर्षे पडून राहतात आणि परदेशी व्हिसाची वेळ आली की बाहेर निघतात. पुढील उत्तरांत मुख्यतः एकच प्रसंग धरला आहे: सौदी अरेबियात मिळालेला अरबी जन्मदाखला, त्याचे भारतात केलेले इंग्रजी भाषांतर आणि मुंबईतील अमेरिकी वाणिज्य दूतावासातील स्थलांतरित व्हिसाची मुलाखत. इतर देशांचे नियम जिथे वेगळे आहेत, तिथे तसे सांगितले आहे.

प्रमाणपत्र म्हणजे नेमके काय, आणि ते कोणत्या गोष्टीची हमी देते?

प्रमाणपत्र म्हणजे भाषांतराला जोडलेले, भाषांतरकाराने स्वतः सही केलेले निवेदन. त्यात तो दोनच गोष्टींची जबाबदारी घेतो. आपल्याला अरबीतून इंग्रजीत भाषांतर करता येते, ही पहिली. आणि सोबतचे भाषांतर मूळ कागदाशी तंतोतंत जुळणारे व पूर्ण आहे, ही दुसरी. मूळ दाखला खरा आहे की बनावट, त्यातील जन्मतारीख बरोबर आहे की चूक, दाखला देणाऱ्या कार्यालयाला तो देण्याचा अधिकार होता की नाही, यांपैकी कशाचीही हमी भाषांतरकार देत नाही आणि त्याने ती देऊही नये. ‘वरील दाखला खरा व अस्सल आहे असे मी प्रमाणित करतो’ असे वाक्य मी अनेक प्रमाणपत्रांत पाहिले आहे. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो, परंतु ज्या गोष्टीची त्याला माहिती असूच शकत नाही तिच्यावर तो सही करत असतो, आणि हे वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या लगेच लक्षात येते.

अमेरिकी नियम किमान काय मागतो?

अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवेकडे जाणाऱ्या कागदांसाठीचा नियम संघीय नियमसंहितेच्या आठव्या शीर्षकातील १०३.२ या कलमात आहे. परकीय भाषेतील प्रत्येक कागदासोबत संपूर्ण इंग्रजी भाषांतर हवे, ते पूर्ण व अचूक असल्याचे भाषांतरकाराने प्रमाणित केलेले हवे, आणि त्या भाषेतून इंग्रजीत भाषांतर करण्यास आपण सक्षम आहोत असेही त्याने प्रमाणित केलेले हवे, असे तो सांगतो. परराष्ट्र खात्याच्या राष्ट्रीय व्हिसा केंद्राची सूचना याच आशयाची, पण थोडी आटोपशीर आहे: भाषांतर अचूक आहे आणि भाषांतरकार सक्षम आहे, असे सांगणारे त्याच्या सहीचे निवेदन.

त्याच सूचनेतील एका तपशिलामुळे बराच गोंधळ होतो. कागद इंग्रजीत नसेल किंवा ज्या देशात व्हिसासाठी अर्ज केला आहे त्या देशाच्या अधिकृत भाषेत नसेल, तर भाषांतर लागते. म्हणून कैरोत मुलाखत देणाऱ्या इजिप्शियन अर्जदाराला अरबी दाखला भाषांतराविना देता येऊ शकतो, आणि त्याचे ऐकून मुंबईतला अर्जदारही तसेच गृहीत धरतो. मुंबईतील मुलाखतीसाठी अरबी ही स्थानिक अधिकृत भाषा नसल्यामुळे भाषांतर लागतेच.

मग दोन वाक्ये पुरेशी आहेत, तर इतर तपशील कशासाठी?

नियमाच्या शब्दांपुरते पाहिले तर दोन वाक्ये पुरतात. अडचण अशी की ती दोन वाक्ये कोणत्या कागदाविषयी आहेत हे त्यांतून कळत नाही. ‘सोबतचे भाषांतर अचूक आहे’ एवढेच लिहिलेला सुटा कागद कोणत्याही भाषांतराला जोडता येतो. अर्जासोबत आई, वडील व मुलगी अशा तिघांचे दाखले असतील, तर स्कॅन करताना पाने सरमिसळ होतात आणि कोणते प्रमाणपत्र कशाचे हे सांगता येत नाही. म्हणून प्रमाणपत्रात मूळ कागदाची ओळख पटेल एवढे तपशील घालावेत: दाखल्याचा प्रकार, त्याचा क्रमांक, देणारे कार्यालय, दिल्याची तारीख, पानांची संख्या, आणि भाषांतर मूळ प्रतीवरून केले की स्कॅनवरून. मी वापरतो तो मजकूर असा आहे. तो इंग्रजीतच द्यायचा असल्यामुळे इथे जसाच्या तसा दिला आहे:

```
I, ______, certify that I am competent to translate
from Arabic into English, and that the attached
translation of Birth Certificate No. ____, issued by
Civil Affairs, Jeddah, on ____ (2 pages, translated
from a scanned copy), is complete and accurate to the
best of my knowledge and ability. All seals, stamps and
handwritten entries, front and back, are translated or
described; illegible parts are marked as such. Personal
names are spelled as in the passports shown to me.

Signature, full name, address, phone, email, date
```

शेवटच्या दोन वाक्यांचे महत्त्व पुढील प्रश्नांत येईल. ‘माझ्या माहिती व क्षमतेनुसार’ हे शब्द ठेवायला हरकत नाही, परंतु ‘शक्य तितके अचूक’ अशी ढिली भाषा टाळावी, कारण नियम पूर्ण आणि अचूक अशा दोन्ही गोष्टी मागतो.

दाखल्याचा प्रकार लिहिताना काय चूक होते?

सौदीत जन्मलेल्या मुलाचे दोन कागद घरात असू शकतात. एक रुग्णालयाने दिलेली जन्माची सूचना आणि दुसरा गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील नागरी नोंदणी विभागाने, म्हणजे ‘अल-अहवाल अल-मदनिय्या’ने, दिलेला ‘शहादत मीलाद’ हा जन्मदाखला. व्हिसासाठी नागरी नोंदणीचा दाखला मागितला जातो. परंतु रुग्णालयाचा कागद अधिक सुबक छापलेला असला की तोच भाषांतराला दिला जातो, आणि एजंटच्या सांगण्यावरून भाषांतरावर ‘बर्थ सर्टिफिकेट’ असे शीर्षक टाकले जाते. त्यामुळे सूचनेचे रूपांतर दाखल्यात होत नाही. फक्त भाषांतरकाराच्या सहीखाली एक चुकीचे विधान तयार होते. शीर्षक मूळ कागदावर आहे तेच भाषांतरात यावे आणि प्रमाणपत्रातही तेच यावे. ग्राहकाने चुकीचा कागद दिला आहे असे वाटले, तर काम हातात घेण्यापूर्वी त्याला तसे सांगणे हा भाषांतरकाराचा साधा धर्म आहे.

नावांच्या स्पेलिंगबद्दल प्रमाणपत्रात लिहिणे खरेच आवश्यक आहे का?

माझ्या मते मराठी आणि कोकणी घरांतील कागदांसाठी हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, म्हणून येथे थोडे थांबतो.

अरबी लिपीत ‘प’ हे अक्षर नाही. त्याच्या जागी ‘ब’ येतो. ‘च’ नाही, तो ‘श’ने किंवा ‘तश’ अशा जोडीने लिहितात. ‘ग’साठी कोणी गैन वापरतो, कोणी जीम, कोणी काफ. ‘ट’ आणि ‘त’ एकच, ‘ळ’ आणि ‘ल’ एकच. ‘ओ’ आणि ‘ऊ’ या स्वरांना एकच अक्षर, ‘ए’ आणि ‘ई’ यांनाही एकच, आणि ऱ्हस्व स्वर बहुतेक वेळा लिहिलेच जात नाहीत. त्यामुळे जेद्दाच्या कारकुनाने पासपोर्टवरून ‘परकार’ हे आडनाव अरबीत उतरवले की त्याचे ‘बारकार’ होते. तोच कागद पंचवीस वर्षांनी इंग्रजीत आणताना भाषांतरकाराने अक्षराला अक्षर लावले, तर अर्जदाराचे आडनाव पासपोर्टशी जुळत नाही. इतर कागदांत गावाचे नाव आले तर दापोलीचे ‘दाबूली’, चिपळूणचे ‘शिबलून’ होते. वडिलांचे नाव ‘रियाज’ असेल तर त्याहून गमतीदार प्रकार घडतो. हे नाव अरबीत ज्या अक्षराने संपते त्याचा उच्चार आपल्याकडे ‘ज’सारखा आणि अरबांकडे जड ‘द’सारखा, त्यामुळे अरबी वळणाने वाचणारा भाषांतरकार वडिलांना सौदीच्या राजधानीचे नाव देऊन मोकळा होतो.

यावर उपाय सोपा आहे. भाषांतरकाराने पासपोर्टच्या प्रती मागाव्यात, नावे पासपोर्टप्रमाणे लिहावीत आणि आपण तसे केले आहे हे प्रमाणपत्रात एका वाक्यात सांगावे. फरक मोठा असेल तर नाव पहिल्यांदा येते तिथे चौकटी कंसात टीप द्यावी की मूळ अरबीत हे आडनाव ‘बारकार’ असे वाचले जाते. असे केल्याने अचूकतेचा दावा खोटा ठरत नाही, कारण एकच नाव दोन लिप्यांतून फिरून परत आले आहे आणि परतीचा रस्ता आपण उघड सांगितला आहे.

मात्र या सवलतीला स्पष्ट मर्यादा आहे. पासपोर्टप्रमाणे स्पेलिंग लिहिणे वेगळे आणि नाव बदलणे वेगळे. दाखल्यात आडनावाच्या जागी आजोबांचे नाव असेल, आईचे माहेरचे नाव असेल आणि पासपोर्टवर सासरचे असेल, किंवा मुलीचे नाव मुळातच वेगळे असेल, तर ते जसे आहे तसेच भाषांतरात यायला हवे. तो फरक समजावून सांगण्याचे काम अर्जदाराच्या स्वतंत्र प्रतिज्ञापत्राचे आहे, भाषांतराचे नाही. पासपोर्ट पाहिलेच नसतील, तर प्रमाणपत्रातील ते वाक्य काढून टाकावे आणि नावे अरबी लेखनावरून लिप्यंतरित केली आहेत असे लिहावे. आयता नमुना वापरताना न पाहिलेल्या पासपोर्टचा उल्लेख राहून जातो, ही चूक मी सुरुवातीच्या काळात स्वतः केली आहे.

हिजरी तारखेचे काय करायचे?

दाखल्यात हिजरी आणि इसवी अशा दोन्ही तारखा असतील, तर दोन्ही आहेत तशा लिहायच्या. त्या एकमेकींशी जुळतात का हे भाषांतरकाराने स्वतःसाठी जरूर तपासावे, परंतु जुळत नसतील तरी मजकूर दुरुस्त करू नये. फार तर टीप द्यावी.

फक्त हिजरी तारीख असेल तर ती प्रथम तशीच लिहावी आणि नंतर चौकटी कंसात, भाषांतरकाराची टीप म्हणून, इसवी तारीख द्यावी. कोणत्या कालगणनेने रूपांतर केले तेही तिथेच सांगावे. सौदी कार्यालये उम्म अल-कुरा ही कालगणना वापरतात. तिच्यानुसार १५ रमजान १४२० म्हणजे २३ डिसेंबर १९९९. संगणकावरील काही रूपांतरक निराळी अंकगणिती पद्धत वापरतात आणि एक दिवस मागे किंवा पुढे दाखवतात. चंद्रदर्शनावर चालणाऱ्या महिन्यांत एका दिवसाचा फरक पडणे नवलाचे नाही, पण व्हिसाच्या अर्जात तोच एक दिवस दोन जन्मतारखा निर्माण करतो. म्हणून रूपांतर हे मूळ मजकुराचा भाग नसून भाषांतरकाराची भर आहे, हे वाचणाऱ्याला दिसलेच पाहिजे.

अंकांबाबत मराठी माणसाला एक खास सापळा आहे. अरबी कागदांवरील पाचाचा आकडा आपल्या देवनागरी शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. हाताने लिहिलेल्या दाखल्यात ठिपका पुसट असला की इकामा म्हणजे सौदी निवास परवान्याच्या क्रमांकातील एक अंक सहज गळतो. अंक दोनदा मोजावेत, आणि दुसऱ्यांदा मोजणारी व्यक्ती वेगळी असेल तर उत्तम.

सीरिया, इराक, लेबनॉन आणि जॉर्डन येथील कागदांत इसवी महिन्यांची नावेही वेगळी असतात. तिथे जानेवारीला ‘कानून अस्सानी’ म्हणतात आणि नोव्हेंबरला ‘तशरीन अस्सानी’. ही नावे इंग्रजीत तशीच ठेवली तर वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही, म्हणून त्यांचे महिन्याच्या इंग्रजी नावात सरळ भाषांतर करावे. इथे कालगणना बदलत नसल्यामुळे टीप लागत नाही.

शिक्के, मागची बाजू आणि न वाचता येणारा मजकूर यांचा उल्लेख का करायचा?

‘पूर्ण’ या शब्दाचा अर्थ त्यावर अवलंबून आहे. जन्मदाखल्याच्या पुढच्या बाजूला छापील रकाने असतात आणि मागच्या बाजूला बहुधा साक्षांकनाची रांग लागलेली असते: सौदी परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, भारतीय वाणिज्य दूतावासाचा शिक्का, कधी तिकिटे, कधी हाताने लिहिलेला शेरा. पुढची बाजू भाषांतरित करून मागची सोडली, तर भाषांतर पूर्ण नाही, आणि तसे प्रमाणित केलेले निवेदन खोटे ठरते. गोल शिक्क्यातील मजकूर वाचता येत असेल तर भाषांतरित करावा; येत नसेल तर ‘गोल शिक्का, मधला मजकूर अवाच्य’ असे चौकटी कंसात लिहावे. सहीच्या जागी सही आहे एवढे नोंदवावे. रिकामा रकाना रिकामाच आहे असे दाखवावे; तो गाळला तर मूळ कागदात तो नव्हताच असे वाटते.

अवाच्य भाग दाखवल्याने भाषांतर अपूर्ण ठरत नाही. उलट पुसट अक्षरांचा अंदाज बांधून ते ठाम मजकूर म्हणून लिहिणे धोक्याचे असते, कारण अधिकाऱ्यासमोर मूळ दाखला असतो आणि त्याच्या कार्यालयात अरबी वाचणारे कोणी असूही शकते. स्कॅन धूसर असल्यामुळे वाचता येत नसेल, तर आधी चांगला स्कॅन मागावा. प्रमाणपत्रात ‘स्कॅनवरून’ असे लिहिल्याने भाषांतरकाराची बाजू सुरक्षित राहते, पण अर्जदाराचे काम त्याने होत नाही.

सही कोणाची हवी, भाषांतरकाराची की संस्थेची?

अमेरिकी नियमाचे शब्द भाषांतरकाराविषयी आहेत. भाषांतर संस्थेच्या व्यवस्थापकाने ‘आमच्या सक्षम भाषांतरकाराने हे काम केले आहे’ असे लिहून सही केली आणि भाषांतरकाराचे नावही दिले नाही, तर स्वतःच्या क्षमतेबद्दल बोलणारी व्यक्ती कागदावर कुठेच दिसत नाही. संस्थेचे लेटरहेड आणि शिक्का असायला हरकत नाही, परंतु निवेदन पहिल्या पुरुषात, भाषांतरकाराच्या पूर्ण नावाने आणि त्याच्याच सहीने असावे. नुसता रबरी शिक्का म्हणजे सही नव्हे.

अर्जदाराने स्वतः किंवा जवळच्या नातेवाइकाने भाषांतर करण्यास अमेरिकी नियमाचे शब्द थेट मनाई करत नाहीत. तरीही मी तसे करू नका असेच सांगतो. ज्याचा निकालाशी संबंध आहे त्याच्या सहीकडे अधिकारी वेगळ्या नजरेने पाहतो, आणि तोच संच पुढे कॅनडासाठी वापरायचा झाला तर तिथे कुटुंबीयांचे भाषांतर चालत नाही.

‘सक्षम’ असल्याचे सिद्ध कसे करायचे? भारतात परवाना लागतो का?

भारतात काही देशांसारखी शपथबद्ध भाषांतरकारांची सर्वसाधारण शासकीय नोंदणी नाही. संयुक्त अरब अमिरातीत न्याय मंत्रालयाकडून परवाना मिळालेले कायदेशीर भाषांतरकार असतात. तिथे केलेल्या भाषांतरावर त्यांचा परवाना क्रमांक असतो आणि तो प्रमाणपत्रात लिहावा. इथे मात्र ‘सर्टिफाइड ट्रान्सलेटर’ या पाटीचा अर्थ प्रमाणपत्रावर सही करणारा एवढाच असू शकतो. म्हणून मोठी विशेषणे लावण्याऐवजी खरे तेच लिहावे: अरबीतील पदवी, कोणत्या विद्यापीठाची, किती वर्षांचा अनुभव. ‘मला अरबी उत्तम येते’ हे वाक्य पुरेसे नाही. अरबीतून इंग्रजीत, अशी दिशा सांगायला हवी. मदरशात कुराणाचे अरबी शिकलेल्या व्यक्तीला धार्मिक मजकूर उत्तम समजतो, परंतु नागरी नोंदणीच्या कारकुनी अरबीशी तिची ओळख असेलच असे नाही. आणि ज्याला कारकुनी अरबी येते त्याचे इंग्रजी कच्चे असू शकते. दोन्ही बाजू सांभाळता येतात असे प्रामाणिकपणे म्हणता येत असेल तरच सही करावी.

नोटरी करून घ्यावे का?

राष्ट्रीय व्हिसा केंद्राच्या सूचनेत भाषांतरकाराची सही मागितली आहे, नोटरी मागितलेली नाही. आपल्याकडे मात्र लाल शिक्क्याशिवाय कागदाला वजन येत नाही अशी समजूत आहे. १९५२ च्या नोटरी कायद्यातील आठवे कलम नोटरीला भाषांतर करण्याचा आणि भाषांतर पडताळण्याचा अधिकार देते, हे खरे आहे. परंतु ज्या नोटरीला अरबी येत नाही तो काय पडताळणार? प्रत्यक्षात तो फक्त आपल्यासमोर सही झाली एवढेच नोंदवतो. तुमच्या अर्जाच्या सूचनांत स्पष्ट मागणी असेल तर नोटरी जरूर करावी. नसेल तर ते पैसे चांगल्या स्कॅनवर खर्च करावेत. नोटरीचा शिक्का आहे म्हणून भाषांतरकाराचे निवेदन वगळणे ही मात्र खरी चूक आहे, कारण नियम ज्या दोन गोष्टी मागतो त्या नोटरीच्या शिक्क्यात नसतात.

साक्षांकन किंवा अपोस्टील हा तिसराच विषय आहे. सौदी अरेबियात अपोस्टील करार ७ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. अपोस्टील मूळ दाखल्यावरील सही व शिक्क्याबद्दल बोलते, भाषांतराबद्दल नाही. दाखल्याला अपोस्टील जोडलेली असेल तर तिच्यावरील अरबी मजकुराचेही भाषांतर करावे.

ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियासाठी हेच प्रमाणपत्र चालेल का?

थोडी भर घालून चालू शकते. ब्रिटनला भाषांतर स्वतंत्रपणे पडताळता यावे असे वाटते. त्यासाठी अचूकतेची पुष्टी, भाषांतराची तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव व सही, आणि त्याचा संपर्क एवढे हवे. वरील मजकुरात हे सर्व आहे, फक्त दूरध्वनी क्रमांक चालू असावा. ऑस्ट्रेलियाबाहेर केलेल्या भाषांतरावर नाव, पत्ता, दूरध्वनी आणि त्या भाषेतील पात्रता व अनुभव यांचा तपशील मागितला जातो. कॅनडाचे वेगळे आहे: भाषांतरकार तिथल्या अर्थाने प्रमाणित नसेल तर त्याने अधिकृत व्यक्तीसमोर शपथपत्र करावे लागते. त्यामुळे वर नोटरीबद्दल जे म्हटले ते कॅनडाला लागू नाही.

एखाद्या प्रत्यक्ष प्रकरणात हे कसे घडते?

रत्नागिरी जिल्ह्यातील एका कुटुंबातील तरुणीचा दाखला माझ्याकडे दुसऱ्यांदा भाषांतरासाठी आला. जन्म जेद्दाचा, पती अमेरिकेत, मुलाखत मुंबईला. ओळख पटू नये म्हणून आडनाव व तारीख इथे मी वरच्या उदाहरणांतलीच घेतली आहेत. पहिले भाषांतर एका संस्थेने केले होते आणि वरवर पाहता ते नीटनेटके होते. त्यात आडनाव ‘बारकार’ होते. दाखल्यात फक्त हिजरी तारीख होती, १५/९/१४२०, परंतु भाषांतरात ती कुठेच नव्हती. तिच्या जागी थेट २२ डिसेंबर १९९९ लिहिले होते. पासपोर्टवर २३ डिसेंबर. मागच्या बाजूच्या दोन शिक्क्यांचा उल्लेख नव्हता. प्रमाणपत्र ‘कृते’ अशा सहीने कार्यालयातील दुसऱ्याच कोणी दिले होते, त्यात भाषांतरकाराचे नाव नव्हते आणि दाखल्याचा क्रमांकही नव्हता. प्रमाणपत्रावरील तारीख तर मागच्या एका शिक्क्याच्या तारखेच्या आधीची होती, म्हणजे भाषांतर केले तेव्हा तो शिक्का कागदावर नव्हताच.

मी मूळ दाखल्याच्या दोन्ही बाजू नव्याने स्कॅन करून मागितल्या आणि मुलीच्या व आईवडिलांच्या पासपोर्टच्या प्रती घेतल्या. आडनाव पासपोर्टप्रमाणे लिहून पहिल्या ठिकाणी टीप दिली. हिजरी तारीख मूळ मजकुरात ठेवली आणि उम्म अल-कुरानुसार २३ डिसेंबर १९९९ ही टीप कंसात घातली. आईच्या रकान्यात तिच्या वडिलांचे नाव होते, पतीचे नाही. पासपोर्टवर पतीचे होते. घरच्यांची इच्छा होती की तेही पासपोर्टप्रमाणे करावे. ते मी केले नाही, कारण तो स्पेलिंगचा फरक नव्हता. त्यासाठी आईने स्वतंत्र प्रतिज्ञापत्र केले. दोन शिक्के भाषांतरित केले, त्यांतील एकात तारखेचा शेवटचा अंक पुसला होता, तो अवाच्य म्हणून दाखवला. मग वर दिलेल्या मजकुरात क्रमांक, पाने आणि दिनांक भरून सही केली.

प्रमाणपत्र कुठे जोडायचे, आणि नंतर चूक सापडली तर?

भाषांतराच्या शेवटच्या पानावरच जागा असेल तर तिथे. नसेल तर पुढील पानावर, आणि सर्व पानांवर ‘३ पैकी १’ अशा पद्धतीने क्रमांक घालून प्रत्येक पानावर लघुसही करावी. संगणकावर चढवताना मूळ दाखला, भाषांतर आणि प्रमाणपत्र एकाच फाइलमध्ये ठेवावेत. प्रमाणपत्र वेगळ्या फाइलमध्ये गेले तर ते कशाचे आहे हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

चूक सापडल्यास छापील प्रतीवर पेनाने दुरुस्ती करू नये आणि अर्जदारालाही करू देऊ नये. संपूर्ण भाषांतर दुरुस्त करून नव्या तारखेचे प्रमाणपत्र द्यावे आणि जुनी प्रत परत घ्यावी. मूळ दाखल्यावर नंतर नवा शिक्का पडला असेल तरीही हेच करावे लागते, मग भाषांतराचा एक शब्दही चुकलेला नसला तरी.